राखी बांधून प्रश्न सुटत नाही



एखादा विधुर माणूस एखाद्या विधवा बाईकडे आठवड्यातून चारदा चहाला आला की आपल्याकडे दोनच निकाल तयार असतात. एक म्हणजे, "काहीतरी आहे." दुसरा म्हणजे, "बिचारा एकटा आहे, बसू द्या." पहिला निकाल देणाऱ्यांवर मला राग आहेच, पण दुसरा देणाऱ्यांवर तो कमी नाही. दोघांनीही त्या माणसाला काय हवं आहे हे विचारलेलं नसतं, आणि त्या बाईला काय हवं आहे हे विचारायचं तर कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पहिल्यांचा समाचार आधी घेते. दशलक्षणात दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय आपण वाचतो. सातव्या दिवशी व्रतांचे अतिचार येतात. ब्रह्मचर्याचे अतिचार सगळ्यांना पाठ असतात, दुसऱ्यांना लावायला. पण त्याच अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत, ते वाचताना घाई होते. त्यातला एक रहोभ्याख्यान, म्हणजे स्त्री-पुरुषाच्या एकांतातली गोष्ट बाहेर सांगणं. दुसरा साकारमंत्रभेद. चेहरा, भुवई, हावभाव पाहून दुसऱ्याच्या मनातला हेतू ओळखायचा आणि तो मत्सरानं चारचौघांत फोडायचा, हा त्याचा अर्थ. "सर तिच्याकडे कसे बघत होते पाहिलंत का?" हे वाक्य ज्यांनी स्वाध्यायानंतर चटई गुंडाळताना म्हटलं, त्यांनी कुणाच्या शीलाचं रक्षण केलं नाही, स्वतःच्या व्रताला डाग लावला. आणि गंमत म्हणजे, ओळखलेला हेतू खरा असला तरी अतिचार हा अतिचारच.

सर म्हणजे आमच्या भोकरमधलेच एक निवृत्त शिक्षक. माझ्या यजमानांचे स्नेही. त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी गेल्या. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. पाडव्यापासून सर आमच्याकडे येऊ लागले. आधी पेपर द्यायला, मग पेपर वाचायला, मग पेपर नसला तरी. आठवड्यातून चार-पाच दिवस, चारच्या सुमारास. महिनाभरात तिघीजणींनी मला एकच सल्ला दिला. "वहिनी, राखी बांधून टाका, म्हणजे तोंडं बंद होतील."

राखीबद्दल माझं काही वाकडं नाही. पण ज्याला भाऊ मानायचं त्याला ती बांधतात, ज्याला टाळायचं त्याला नाही. समोरच्याच्या मनात स्नेह असेल तर राखीनं त्याला आरोपी ठरवलं जातं. मनात लग्नाचा विचार असेल तर तो धाग्यानं मरत नाही, नुसता बोलता येईनासा होतो आणि माणूस 'ताई' म्हणत म्हणत तसाच येत राहतो. आणि बाईच्या मनात काही असेल तर? तो पर्याय सल्ला देणाऱ्यांनी धरलेलाच नसतो. राखी ही लोकांची तोंडं बंद करायची सोय आहे, प्रश्नाचं उत्तर नव्हे.

मग ओळखायचं कसं? किती वेळा येतो यावरून तर मुळीच ओळखू नये. सहचारिणी गेल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष माणूस जिथे दार उघडं दिसेल तिथे जातो. चाळीस वर्षं घरात चार वाजता कुणीतरी चहा ठेवायचं, आता चार वाजले की पाय घराबाहेर ओढतात. त्यात प्रेम नसतं, घड्याळ असतं. रडणं, हात धरून "तुमच्यामुळे जगलो" म्हणणं, हेसुद्धा पहिल्या वर्षात फार मनावर घेऊ नये.

मी पाहते ते वेगळं. तिसरं माणूस आलं की काय होतं? ज्याला सोबत हवी असते तो तिसऱ्यालाही गप्पांत ओढतो, उलट जास्त खुलतो. ज्याच्या मनात दुसरं काही असतं तो गप्प होतो, पेपर उघडून बसतो आणि ते तिसरं माणूस कधी उठतं याची वाट पाहतो. मी घरी नसले तर काय होतं? सोबत हवी असणारा शेजारच्या ओट्यावर बसतो. दुसरा परत जातो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, "काल कुठे होतात?" त्या प्रश्नात चौकशी कमी आणि हक्क जास्त असतो. गेलेल्या बायकोचं नाव किती येतं, हेही पाहावं. सोबतीसाठी आलेला तिच्या औषधांबद्दल, तिच्या हट्टांबद्दल, तिच्या हातच्या पुरणपोळीबद्दल बोलून थकत नाही. हळूहळू ते नाव बंद झालं, किंवा "तिला तुमच्यासारखं जमायचं नाही" अशी तुलना सुरू झाली, तर वारं फिरलं असं समजावं.

आणि आपल्या भाषेतली सगळ्यात पक्की खूण म्हणजे हाक. वीस वर्षं जो 'वहिनी' म्हणत आला, तो एके दिवशी 'वहिनी' गाळून नुसतंच "अहो, ऐकलंत का" म्हणू लागला, तर ते सहज घडत नाही. नात्याचा शब्द माणूस उगीच खाली ठेवत नाही.

सरांच्या बाबतीत यातली एकही खूण नव्हती. तरी काहीतरी खटकत होतं, आणि ते या दोन्हींत बसत नव्हतं. चारची वेळ सरकून सव्वापाच झाली होती. आपल्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण होतं हे त्यांना ठाऊक. एक ताट वाढू लागलं. मग साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी माझ्या फळीवर आली, कारण "घरी हरवते". मग सदऱ्याचं बटण. वीजबिल भरायला माझ्या मुलाचा फोन. म्हणजे ना सोबत, ना प्रेम. सरांना हवे होते हात. ही तिसरी गोष्ट आहे, आणि "बिचारा एकटा आहे" म्हणणारे तिलाच पाठीशी घालतात. पुरुषाचं एकटेपण पुष्कळदा रिकाम्या स्वयंपाकघराचं असतं. ते भरून द्यायला शेजारची विधवा सोयीची, कारण तिला पगार नाही, नकार देण्याची तिला सवय नाही, आणि 'वैयावृत्त्य' असा मोठा शब्द लावला की तिचं तोंडही बंद. वैयावृत्त्य ही मुनींची, आजाऱ्याची, खरोखर असहाय झालेल्याची सेवा. पायी स्टेशनपर्यंत फिरून येणाऱ्या माणसाचं बटण लावणं हे वैयावृत्त्य नव्हे.

खुणा एवढंच सांगतात की आता विचारायची वेळ झाली. उत्तर त्या देत नाहीत. विचारायचं स्वतः, दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून, आणि त्यांच्या सुनेमार्फत तर कधीच नाही. सुनेला सांगितलं की गोष्ट घराची होते, त्या माणसाची राहत नाही. मी एवढंच म्हटलं, "सर, तुम्ही येता ते मला आवडतं. पण कशासाठी येता ते एकदा सांगा. गप्पांसाठी असेल तर या. पुढचं काही मनात असेल तर माझ्या मनात ते नाही. आणि जेवणासाठी असेल तर डब्याची बाई सांगते."

सर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घरी हिचं नाव काढलं की पोरगं उठून जातं. तुमच्याकडं कुणी उठत नाही." आणि थोड्या वेळानं, "डब्याचं बघा तुम्ही."

डबा सुरू झाला. गोळ्यांची चिठ्ठी परत गेली. सर आता बुधवारी आणि शनिवारी येतात, आमच्या स्वाध्यायाच्या बायकांतही बसतात. ज्यांनी भुवया पाहिल्या होत्या त्यांच्याच शेजारी.

पण सगळ्या गोष्टी अशाच मिटतात असं मी म्हणणार नाही, आणि तशा मिटाव्यात असंही नाही. लातूरला माझी एक मावसबहीण आहे, बासष्ट वर्षांची. तिच्याकडे येणाऱ्या गृहस्थांची हाक खरोखरच बदलली होती. तिनं विचारलं, त्यांनी लग्नाचं स्पष्ट सांगितलं, आणि तिला ते नकोसं वाटलं नाही. मग मात्र नातेवाइकांनी बाहेर काढलं ते घर. "लग्न केलंस तर नवऱ्याचं घर जाईल." ही भीती कुठून येते ते सांगते. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणाऱ्या १८५६ च्या कायद्यातच एक मेख होती. दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क संपायचा, जणू ती मेलीच. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, भीती मात्र घराघरांत राहिली. आज आपण जैनही हिंदू विवाह कायद्यात आणि १९५६ च्या वारसा कायद्यात येतो. नवरा मृत्युपत्र न करता गेला असेल तर त्याच्या वाट्यातला बायकोचा हिस्सा तिच्या पूर्ण मालकीचा असतो, आणि तिनं पुढे लग्न केलं म्हणून तो काढून घेता येत नाही. कुटुंब निवृत्तिवेतनाचं मात्र वेगळं आहे. ते लग्नानं थांबू शकतं, खात्याखात्याचे नियम निराळे असतात. ते आधी लेखी विचारून घ्यावं, कारण साठीनंतर महिन्याचे ते पैसे म्हणजे बाईचा कणा असतो.

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ च्या सुमारास ज्येष्ठ नागरिकांचं लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ सुरू केलं, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांनी कानावर हात ठेवले. लग्नाशिवाय एकत्र राहणं मलाही पटत नाही. स्वदारसंतोष हे गृहस्थाचं व्रत आहे आणि मी ते सैल करायला निघालेली नाही. पण एक गोष्ट त्या मंडळाकडून घ्यावी. साठीतल्या माणसालाही जोडीदार हवासा वाटू शकतो, आणि तो शोधायला उघडपणे येता येतं, हे तिथे गृहीत आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर तेच कुजबुजीत ठरतं.

मावसबहिणीनं त्या गृहस्थांना तीन गोष्टी सांगितल्या. घर तिच्या नावावर राहील. दोघांच्या मुलांना दोघं मिळून सांगतील, मागून नाही. आणि पर्युषणात ती दहा दिवस माहेरी नाही, स्वतःच्या घरी एकटी राहील. पहिल्या दोन ते लगेच कबूल झाले. तिसरीवर अजून बोलणं चालू आहे.