फुकटात चूक, पैशांत अचूक?

संपादक महोदय,

‘मोफत दैनिक भविष्य ढोबळ, सशुल्क पत्रिका मात्र नेमकी’ हा गेल्या अंकातील लेखाचा दावा तपासायला हवा.

लेखक म्हणतात, अ‍ॅप जन्मतारखेवरून ‘आपली रास’ काढते. कोणती? ५ एप्रिलला जन्मलेल्याला पाश्चात्त्य पद्धतीने मेष मिळते. आपल्या निरयन पंचांगात सूर्य मेषेत जातो साधारण १४ एप्रिलला, म्हणजे ५ एप्रिलला तो मीनेतच असतो. शिवाय आपल्याकडे रास चंद्रावरून ठरते, आणि चंद्र ५ एप्रिलला दरवर्षी वेगळ्या राशीत असू शकतो. त्यामुळे जन्मवर्ष, आणि चंद्र त्याच दिवशी रास बदलत असेल तर जन्मवेळही, न विचारता चंद्ररास कळणार नाही.

‘रोज नवे गणित’ हेही तसेच. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस राहतो. आठवा चंद्र आज असेल तर बहुधा उद्याही असतो. मग सोमवारी ‘धनलाभ’ आणि मंगळवारी ‘खर्च जपून’ कशावरून? चंद्र कुठे आहे एवढे गणित सांगते. पुढचा मजकूर लिहिणाऱ्याचा.

पैसे मोजल्यावर अचूकता येते, याला लेखात पुरावा नाही. विरोधी पुराव्याचा उल्लेखही नाही. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या होत्या. जन्मवेळेसह पूर्ण पत्रिका हाती असूनही २७ ज्योतिषांची उत्तरे सरासरी ४६ टक्केच बरोबर आली. नाणेफेकीत निम्मी आली असती, तीही विनामूल्य.

आपला,
एक वाचक, सांगली