चिंतामणरावांचं उदाहरण आता पुरे

रोह्यात शाळेत गेलेल्या प्रत्येकाने सी. डी. देशमुखांचं उदाहरण ऐकलेलं असतं. १९१२ साली मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, मग केंब्रिज. १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. आणि मग ठरलेलं वाक्य, 'ते इथेच वाढले ना? मग तुम्हाला काय झालं?'

माणूस अफाट होता, त्याबद्दल वाद नाही. पण हे उदाहरण जे सिद्ध करायला वापरतात, त्याच्या नेमकं उलटं ते सिद्ध करतं. वडील वकील. म्हणजे घरात कागद, पुस्तकं, आणि मुलाला शिकायला बाहेरगावी ठेवता येईल एवढी ऐपत. मॅट्रिकच्या यशाने कॉलेज सोपं केलं, कॉलेजने केंब्रिज, केंब्रिजने आयसीएस. प्रत्येक बक्षीस हे पुढच्या स्पर्धेचं तिकीट होतं. बुद्धी त्यांची स्वतःची होती, पण ती एकदाही वाया जाऊ दिली गेली नाही.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली वैज्ञानिकांच्या बाबतीत हे मांडलं. दोघांचं काम सारखंच असलं तरी आधीच नाव झालेल्याला जास्त श्रेय मिळतं, त्या श्रेयातून पुढची संधी, आणि त्या संधीतून आणखी नाव. डेल डॅनफर यांनी १९८७ साली हाच विचार माणसाच्या वयाला लावला. एकाच वर्षी जन्मलेल्या माणसांमधलं अंतर वयाबरोबर वाढत जातं, आणि ते निसर्गाने वाढत नाही. शाळा, नोकरी, पेन्शन यांची दारं ज्या पद्धतीने उघडतात आणि बंद होतात, त्याने वाढतं.

आता रोह्याहून पेणकडे या. पेण म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात. त्याच तालुक्यात डोंगराच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. अशा एखाद्या वाडीवरची सहा वर्षांची मुलगी घ्या. ही कोणी एक मुलगी नाही, या वाड्यांवरचा नेहमीचा क्रम आहे.

जूनमध्ये ती पहिलीत जाते. पावसात भातलावणी सरली की घरात काम नसतं, धान्य संपत आलेलं असतं आणि गौरी-गणपती तोंडावर असतात. नेमक्या त्या वेळी वीटभट्टीचा मुकादम उचल देतो. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाची मजुरी आगाऊ. दिवाळी झाली की घर बंद करून सगळे भट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. म्हणजे मुलगी पाचेक महिने वर्गात असते आणि निम्म्याहून जास्त वर्ष नसते. जोडाक्षरं शिकवायची वेळ येते तेव्हा ती धाकट्या भावाला सांभाळत असते.

हे एका वर्षाचं नुकसान असतं तर भरून निघालं असतं. पण दुसरीचं पुस्तक पहिलीचं वाचन येतं असं धरून लिहिलेलं असतं. चौथीपासून वाचायला शिकायचं नसतं, वाचून शिकायचं असतं. परिसर अभ्यास काय, गणितातलं शाब्दिक उदाहरण काय, सगळं वाचूनच. त्यामुळे पहिलीत एका विषयात राहिलेली तूट चौथीत सगळ्या विषयांत पसरते. वर्ग चढत जातो, वाचन चढत नाही. आठवीनंतर शाळा सुटते तेव्हा कागदोपत्री ती 'गळती' नववीतली असते. ती पहिलीच्या दिवाळीत झालेली असते.

पुढचं आणखी क्रूर आहे. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे असते आणि ती जोडीने केलेल्या कामाची असते. नवरा-बायको मिळून एक जोडी, जोडीला उचल. म्हणजे लवकर लग्न ही नुसती रूढी नाही, ते उचल मिळण्याचं साधन आहे. सतरा-अठराव्या वर्षी तिची स्वतःची जोडी होते. हंगामभर आठवड्याला खर्ची मिळते आणि शेवटी हिशोब होतो. उचल आणि खर्ची मिळून कमाईपेक्षा जास्त झाली, तर उरलेलं पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे वही कोणाच्या हातात असते हे सांगायला नको. पहिलीत हुकलेली जोडाक्षरं अशी विसाव्या वर्षी रुपयांत मोजली जातात.

त्याच वयाचा धाटावच्या कारखान्यात कायम नोकरीत असलेल्या माणसाचा मुलगा घ्या. घरी पीएफ कापला जातो, क्लास लावता येतो, एखादं वर्ष वाया गेलं तरी चालतं. समजा, त्याने पंचविसाव्या वर्षी १० हजार रुपये ८ टक्क्यांनी गुंतवले, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याचे साधारण १ लाख २७ हजार होतात. हेच १० हजार पंचेचाळिसाव्या वर्षी टाकले तर जेमतेम २७ हजार. रक्कम तीच, हात तोच, फक्त सुरुवात उशिरा. आणि जिच्या खात्यात पंचविसाव्या वर्षी उणे आकडा आहे, तिला तर हे गणित उलट्या दिशेने लागतं.

माझ्या ऑफिसात चहाच्या वेळी कोणीतरी म्हणतंच की शेवटी म्हातारपण सगळ्यांना सारखं, तिथे पैसा कामाला येत नाही. आकडे वरवर पाहिले तर कधीकधी तसं दिसतंही. पंच्याहत्तरीच्या लोकांत गरीब-श्रीमंतांच्या तब्येतीतलं अंतर पन्नाशीपेक्षा कमी निघू शकतं. पण मोजणी फक्त उरलेल्यांची होते. ज्यांची तब्येत सगळ्यात वाईट होती, ते मोजणीपर्यंत पोचलेलेच नसतात. अंतर खरंच मिटलंय की माणसं गळली आहेत, हे कळायला तीच माणसं तरुणपणापासून वर्षानुवर्षं मोजावी लागतात. एका दिवसाचा स्क्रीनशॉट बघून सिस्टीम ठीक आहे म्हणणाऱ्याला आम्ही टीममध्ये उभं करत नाही. समाजाबद्दल बोलताना मात्र तेवढंच पुरतं.

समजा, ती मुलगी पासष्टीपर्यंत पोचली. श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. अर्जाला वयाचा पुरावा लागतो. जन्माची नोंद घरी झालेल्या बाळंतपणाची, म्हणजे बहुधा नाहीच. मग सगळ्यात भरवशाचा कागद कोणता? शाळा सोडल्याचा दाखला. जातीच्या दाखल्यालाही आधी तोच मागतात.

'आता आरक्षण आहे, शिष्यवृत्त्या आहेत, अजून काय हवं?' हे विचारणाऱ्यांनी त्या कुठे ठेवल्या आहेत ते बघावं. बऱ्याचशा कॉलेजच्या दारात. तिथपर्यंत जे आले त्यांना त्या मिळाल्याच पाहिजेत. पण गळती झालीय दहा-बारा वर्षं आधी, आणि तिथे लागणारा पैसा त्या मानाने किरकोळ आहे. उचल घ्यावी लागणार नाही इतकं धान्य आणि रोख पावसाळ्यात हाती असणं, आणि आई-बाप गेलेच तर मुलाला गावात राहता-जेवता येणं. यात नवं काहीच नाही. हंगामी वसतिगृहं सरकारी कागदावर आहेत. तिकडे वसई-भिवंडीच्या बाजूला विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवून दाखवल्या.

पावसाळ्याच्या खड्ड्यासाठी आदिवासी विभागाची खावटी योजना तर कित्येक दशकं जुनी आहे, म्हणजे खड्डा कुठे आहे हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. २०२० साली कुटुंबामागे ४ हजारांचं खावटी अनुदान जाहीर झालं, निम्मं रोख, निम्मं वस्तूंत. वाटप २०२१ पर्यंत लांबलं. मुकादम कधीच उशीर करत नाही. तो गणपतीच्या आधी वाडीवर येतो, रोख घेऊन, आणि कुठलाही दाखला मागत नाही.