मधला माणूस

'त्याच्या ओळखी फार आहेत,' असे म्हटले की आपल्याकडे तो माणूस मोठा ठरतो. स्नेहसंमेलनाचा चिटणीस निवडतानासुद्धा आपण बहुधा हेच माप लावतो. समाजशास्त्रात माणसांच्या संबंधांचे जाळे कागदावर मांडून त्यांचा क्रम लावण्याची एक रीत आहे. माणूस म्हणजे एक टिंब आणि ओळख म्हणजे दोन टिंबांमधली रेघ. लिंटन फ्रीमन या अभ्यासकाने १९७० नंतरच्या दशकात अशा जाळ्यातील महत्त्वाची तीन मापे एकमेकांपासून वेगळी करून दाखविली. मापे उत्तमच आहेत. परंतु त्यांतून आपण जो अर्थ काढतो तो पुष्कळदा उलटा असतो, असे माझे मत आहे.

डेव्हिड क्रॅकहार्ट यांनी १९९० साली दिलेले दहा जणांचे जाळे यासाठी फार उपयोगी आहे. त्याचा आकार पतंगासारखा आहे. सात जण एकमेकांत दाट गुंतलेले, हे पतंगाचे अंग. त्यांपैकी फर्नांडो आणि गार्थ या दोघांची ओळख हेदरशी, हेदरची आइकशी आणि आइकची जेनशी. ही झाली शेपटी.

पहिले माप संबंधसंख्येचे, म्हणजे 'डिग्री'चे. ज्याच्या टिंबाला रेघा जास्त तो वरचा. येथे डायानला सहा रेघा आहेत, फर्नांडो व गार्थला पाच-पाच, हेदरला अवघ्या तीन. पहिला नंबर अर्थातच डायानचा.

दुसरे माप निकटतेचे, 'क्लोजनेस'चे. येथे प्रत्येकापर्यंत पोचायला किती रेघा ओलांडाव्या लागतात ते मोजून बेरीज करायची. बेरीज जितकी लहान तितका माणूस सर्वांना जवळचा. फर्नांडोला पाच जण एका रेघेवर, तिघे दोन रेघांवर आणि जेन तीन रेघांवर, बेरीज १४. गार्थचीही तितकीच. डायानची मात्र १५, कारण शेपटी तिला लांब पडते. गंमत अशी की हेदरचीही बेरीज १५ च आहे!

तिसरे माप मध्यस्थतेचे, 'बिट्वीननेस'चे. हेदरला बाजूला ठेवले तर उरलेल्या नऊ जणांच्या ३६ जोड्या होतात. त्यांतल्या किती जोड्यांचा सर्वांत जवळचा रस्ता हेदरवरून जातो? अंगातले सात आणि शेपटीतले दोन, अशा १४ जोड्यांचा. एखाद्या जोडीला सारख्याच लांबीचे दोन रस्ते असतील, तर त्यांपैकी प्रत्येक रस्त्यावरील मधल्या माणसाला अर्धा गुण मिळतो. अशा हिशेबाने डायानला सुमारे ३.६७ च गुण मिळतात. म्हणजे तीन रेघांची हेदर येथे सर्वांत वर!

हे वाचून कोणी म्हणेल, 'पाहा, खरी मोठी हेदर!' मला ते पटत नाही. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत मला आमच्या बाजूच्या गावातील एका वरच्या वर्गातल्या मुलाकडून कळते. तो चार दिवस आला नाही, तर मला काहीच कळत नाही. जाळे मांडले तर मध्यस्थतेत त्याचा नंबर वर लागेल. पण तो त्याच्या कर्तृत्वाचा पुरावा नव्हे. आमच्यापर्यंत दुसरा रस्ता नाही, याचा तो पुरावा आहे.

पतंगावर हे तपासून पाहता येते. डायान आणि आइक यांच्यात एकच नवी रेघ ओढा. हेदरच्या रेघा पूर्वीइतक्याच तीन, तिची बेरीजही १५ च राहते. परंतु तिची मध्यस्थता १४ वरून २ वर येते. फर्नांडो आणि गार्थ यांच्या आइक व जेनकडे जाणाऱ्या चार जोड्यांचे अर्धे-अर्धे गुणच काय ते उरतात. हेदर होती तशीच आहे, बदलले ते जाळे. आता ती एखादे दिवशी आली नाही, तरी आइक तुटत नाही. जेन मात्र अजून आइकवरच अवलंबून आहे. तिच्यासाठी आणखी एक रेघ हवी.

याच प्रयोगातून मोजणाऱ्यानेही सावध व्हावे. 'तुझे जवळचे तीन मित्र सांग,' असे विचारून जाळे मांडले, तर चौथ्या मित्राची रेघ गळते. ती नेमकी डायान-आइकसारखी निघाली, तर कोणी उगाच मोठा ठरतो. म्हणून ओळख दोघांनाही विचारावी, आणि एकेक रेघ घालून-काढून क्रम टिकतो का ते पाहावे. एका रेघेने कोसळणारा क्रम जाहीर करू नये.

बातमी झटपट सर्वांपर्यंत न्यायची असेल, तर निकटतेवरून फर्नांडो किंवा गार्थ निवडावा. मध्यस्थतेच्या यादीत सर्वांत वर कोणाचे नाव आले, तर मात्र त्याचा सत्कार करण्याआधी त्याच्या पलीकडे कोण अडले आहे ते पाहावे आणि तेथे दुसरी रेघ ओढावी. निदान शेपटीच्या टोकाला बसणाऱ्या आम्हा मुलांना तरी या गणिताचा खरा उपयोग तोच वाटतो.