धरण कुठले?

उन्हाळा लागला की फोटोओळ लिहिणाऱ्याचा हात आपोआप एका म्हणीकडे वळतो. रिकाम्या घागरी, टँकरभोवती झुंबड आणि खाली ठळक अक्षरांत ‘धरण उशाशी, कोरड घशाशी’. गाव कुठले का असेना.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातला फोटो असेल, तर ओळ चपखल आहे. भातसा, तानसा ही धरणे तिथलीच. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणांत सर्वांत मोठा वाटा भातसाचा. तरीही उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर लागतो. म्हणीतले धरणही खरे, कोरडही खरी. वाचकाला हसू येत नाही, राग येतो; आणि तोच यायला हवा.

आता हीच ओळ २०१६च्या लातूरच्या फोटोखाली लावून पाहा. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण लातूरला पाणी देणारे मांजरा धरणच आटले होते. फोटोत दिसते तेच : घागरी, रांग, उन्हाने रापलेले चेहरे. पण म्हण खोटी ठरते. पाणी जवळ आहे आणि तुम्हाला मिळू दिले जात नाही, असा तिचा आरोप आहे. आटलेल्या धरणावर तो कसा करणार? अवर्षण, उसाचे क्षेत्र, जमिनीत खोल खोल गेलेल्या विंधनविहिरी हे सगळे बाजूला राहते आणि वाचक शोधत बसतो की पाणी कोणी पळवले.

‘तोंडचे पाणी पळाले’ची गत याहून वाईट. हा वाक्प्रचार घाबरण्याचा. टँकरची वाट पाहत कट्ट्यावर बसलेली बाई घाबरलेली नसते, कंटाळलेली असते. फोटोत पाणी नाही आणि वाक्प्रचारात पाणी आहे, एवढ्याच भांडवलावर कोटी केलेली. पुराचे पाणी घरात शिरताना पोरे उचलून पळणाऱ्या माणसांच्या फोटोखाली मात्र तीच ओळ उभी राहते. तिथे भीतीही आहे आणि पाणीही.

म्हण लिहून झाली की बरेचदा जागा संपते. गावाचे नाव जाते, तारीख जाते, टँकर किती दिवसांनी आला तेही जाते. ओळीत म्हण ठेवायचीच, तर आधी हे लिहावे आणि उरलेल्या जागेत ती बसवावी. पान सोडण्यापूर्वी उपसंपादकाने वार्ताहराला एवढेच विचारावे : धरण कुठले? नाव आले, तर ते ओळीत घालावे. नाही आले, तर म्हण काढून ‘टँकर चार दिवसांनी आला’ एवढेच छापावे.