सांभाळून घ्या, साहेब!

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मधील एखादी शिलाई कामगार सकाळी जीन्सच्या कारखान्याकडे निघते. वाटेत रिक्षाची धडक बसते, पाय मोडतो आणि ती मध्यवर्ती रुग्णालयात दाखल होते. नवरा खाटेशेजारून मालकाला मोबाईलवर संदेश धाडतो: ‘साहेब, मिसेस आजारी आहे, महिनाभर येणार नाही, सांभाळून घ्या.’ या एका ओळीने बायकोचा हक्क आपण मालकाच्या मेहेरबानीवर सोडला, याची त्या बापड्याला कल्पना नसते. मालकाला ती पुरेपूर असते!

सारा घोटाळा ‘आजारी’ या शब्दात आहे. राज्य कामगार विमा योजनेत आजारपण वेगळे आणि कामावरील इजा वेगळी. कामावर जाता-येता झालेला अपघातही, त्याचा कामाशी वेळेचा व जागेचा संबंध दिसला तर, २०१० च्या दुरुस्तीपासून कामावरचाच धरला जातो. ‘दाराबाहेर घडले, आमचा काय संबंध?’ हा मालकांचा लाडका सवाल तेव्हापासून निकालात निघाला आहे.

रोज ५०० रुपये पडणारी बाई ४० दिवस अंथरुणाला खिळली असे समजू. इजा म्हणून नोंद झाली तर पहिल्या दिवसापासून सुमारे ९० टक्के, म्हणजे १८,००० रुपये. आजार म्हणून झाली तर ७० टक्के, तेही सामान्यतः पहिले दोन दिवस वगळून, म्हणजे १३,३०० रुपये. शिवाय आजारलाभासाठी आधी ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. इजेला ती अट नाही. नव्याने लागलेल्या बाईला ‘आजारी’ या शब्दापायी एक छदामही मिळणार नाही.

योजनेचे १९५० चे विनियम सांगतात की इजेची सूचना कामगाराच्या वतीने दुसऱ्यानेही दिली तरी चालते. तेव्हा नवऱ्याने याचक होण्याचे कारण नाही. त्याने एवढेच लिहावे: ‘माझी पत्नी आज सकाळी पावणेनऊ वाजता घरून कामावर येत असताना अमुक चौकात रिक्षाच्या धडकेने जखमी झाली. मध्यवर्ती रुग्णालयात दाखल आहे. ही अपघाताची सूचना समजून अपघातवहीत नोंद करावी व विमा कार्यालयास अहवाल पाठवावा.’ तो अहवाल चोवीस तासांत पाठवणे हे मालकाचे काम. संदेश पुसू नये. फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. ‘चूक तिचीच होती’ असली भिडस्त भर तर मुळीच घालू नये. रुग्णालयातील केसपेपरवरही ‘कामावर जाताना’ हे शब्द आले आहेत की नाही, हे त्याच दिवशी पाहावे.

‘तिचे नाव विम्यात नाही’ असे उत्तर येईल. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील आणि पगार २१,००० च्या आत असेल, तर नाव न घालणे हा मालकाचा अपराध आहे, बाईचा नव्हे. चार-पाच शिलाई यंत्रांच्या गाळ्यात विमा नसतो. तेथे भरपाई मालकाच्या खिशातून मागावी लागते आणि ती साधारण निम्म्या पगाराइतकीच असते. तिथेही भांडणाचा पहिला कागद हाच संदेश.