तारीख जुळत नाही तेव्हा

काशीत शिंदे घाट आणि भोसले घाट यांच्या दरम्यान संकठा घाट आहे. या बाजूच्या गल्ल्यांमध्ये मराठी कुटुंबांची वस्ती जुनी आहे. त्यांपैकीच एका घराच्या माडीवर बसून 2025 च्या जानेवारीत मी महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाला नकाराचे पत्र लिहिले. तेथील मराठी विभागाने 27 फेब्रुवारीच्या चर्चासत्रात बीजभाषण करण्यासाठी मला बोलावले होते. निमंत्रण आदराचे होते आणि विषयही माझ्या आवडीचा होता. परंतु त्याच दिवशी अन्यत्र शब्द दिलेला असल्यामुळे मला जाता येणार नव्हते. प्रसंग लहान आहे. तथापि असा नकार कसा द्यावा, याविषयी आपल्या विद्वत्क्षेत्रात जी शिथिलता आहे, तिच्यासंबंधी काही लिहावे असे मला या निमित्ताने वाटले.

27 फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानंतरचा हा पहिलाच गौरव दिन असल्याने महाविद्यालयांचा उत्साह मोठा होता, आणि सर्वांना वक्ते हवे होते ते एकाच दिवशी. तारखांचा संघर्ष अशा वेळी अपवाद न राहता नियमच होऊन बसतो. नकार देणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढते, आणि त्या नकारांत खरे कोणते व सोयीचे कोणते, हे निमंत्रकाला ओळखता येत नाही.

माझा आधीचा शब्द कोणाला दिलेला होता, ते सांगतो. ज्या घराच्या माडीचा वर उल्लेख केला, ते घर चार भावांचे. भाऊ चार गावी विखुरलेले. घराची वाटणी व्हायची होती, आणि देवघरामागच्या फडताळात मोडी कागदांचे सात रुमाल होते. वाटणीत भांड्यांची आणि खोल्यांची सोय लागते. कागदांची लागत नाही. एका भावाचे म्हणणे होते की, वाचता येत नाहीत तर ते गंगेत सोडावेत. थोरल्यांना ते पटत नव्हते. निदान एकदा कोणीतरी वाचून त्यांत काय आहे ते सांगावे, मग निर्णय घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. मला मोडी वाचता येते म्हणून त्यांनी मला विचारले, आणि मी होकार दिला.

दिवस ठरवताना एक घोटाळा होता होता राहिला. तो सांगण्याजोगा आहे, कारण तारखांचे पुष्कळसे संघर्ष असेच जन्माला येतात. पुण्याच्या थोरल्या भावांनी दिवाळीनंतर लिहिले होते, ‘महाशिवरात्रीला सर्वजण येतो आणि माघ अमावास्येला कागद काढून बसू.’ महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. काशीत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, परंतु वद्य पक्षात काशी एका महिन्याने पुढे असते. पुण्याची माघ वद्य चतुर्दशी ही काशीची फाल्गुन कृष्ण चतुर्दशी; महाशिवरात्र मात्र दोघांचीही त्याच दिवशी. उलट काशीत ‘माघ अमावास्या’ म्हटले की मौनी अमावास्या. ती त्या वर्षी 29 जानेवारीला होती, आणि पुण्याच्या पंचांगात तीच पौष अमावास्या होती. थोरल्या भावांच्या मनातली माघ अमावास्या 27 फेब्रुवारीची होती. मी काशीच्या पंचांगाप्रमाणे 29 जानेवारी टिपून ठेवली असती, तर महाविद्यालयाला आनंदाने होकार कळवून बसलो असतो. दूरध्वनीवर विचारून मी खात्री केली आणि वहीत लिहिले : गुरुवार, 27 फेब्रुवारी 2025. तेव्हापासून माझा नियम असा की, तिथीवर ठरलेले कोणतेही काम तारीख आणि वार घातल्याशिवाय पक्के मानायचे नाही. आपल्याला खरोखरच अडचण आहे काय, हे नकार लिहिण्यापूर्वी याच रीतीने तपासून पाहावे.

महाविद्यालयाचे पत्र आले तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता. अशा पत्राला आपल्याकडे एक प्रचलित उत्तर आहे : ‘पाहतो, प्रयत्न करतो.’ ते देणाऱ्याला नम्र वाटते आणि घेणाऱ्याला आशादायक. मी स्वतः पूर्वी एका संस्थेला असे उत्तर दिले होते. न जाण्याचे मनात जवळजवळ ठरलेले होते, परंतु ‘नाही’ म्हणण्याचा संकोच झाला. त्यांनी महिनाभर माझी जागा राखून ठेवली, कार्यक्रमपत्रिकेत नाव छापले, आणि आठ दिवस उरले असता मी असमर्थता कळवली. त्या सभेत बीजभाषण झालेच नाही. दोष सर्वस्वी माझा होता.

बीजभाषण हे इतर व्याख्यानांसारखे नसते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. एखाद्या सत्रातील एक निबंधवाचक आला नाही तर उरलेले दोघे थोडे अधिक बोलतात आणि सत्र पार पडते. बीजभाषणातून मात्र चर्चासत्राच्या विषयाची मांडणी होते. पुढच्या सत्रांचे प्रश्न त्यातून निघतात, आणि अध्यक्षीय समारोपही त्याचाच आधार घेतो. पर्यायी वक्त्याला केवळ प्रवासाला वेळ मिळून भागत नाही, विचाराला वेळ मिळावा लागतो. माझ्या मते तो किमान तीन ते चार आठवड्यांचा असावा. म्हणून नकाराची किंमत तो किती लवकर पोहोचतो यावर ठरते. जानेवारीच्या मध्यावर दिलेला नकार ही निमंत्रकाची गैरसोय आहे. तोच फेब्रुवारीच्या मध्यावर दिला तर ती त्याची हानी आहे.

मी दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहिले. पहिल्याच वाक्यात, आभारांच्या लगोलग, येता येणार नाही असे स्पष्ट लिहिले, कारण दोन परिच्छेद स्तुतीचे वाचल्यावर नकार कळणे हे निमंत्रकाला अधिक लागते. कारण एका वाक्यात दिले : त्या दिवशी काशीतच एका कुटुंबाचे मोडी कागद वाचण्याचे काम नोव्हेंबरपासून ठरले आहे, आणि ते चौघे भाऊ दुसऱ्या दिवशी परत जाणार असल्याने तो दिवस बदलता येत नाही. याहून अधिक समर्थन केले नाही. कारणांची संख्या वाढली की त्यांवरचा विश्वास कमी होतो. शेवटी त्या विषयावर बोलू शकतील अशा दोन व्यक्तींची नावे दिली. तत्पूर्वी त्या दोघांनाही दूरध्वनी करून ते त्या दिवशी मोकळे आहेत काय, हे विचारून घेतले होते. न विचारता नाव सुचवणे म्हणजे आपला नकार दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय.

विभागप्रमुखांचा दूरध्वनी आला. त्यांनी सुचवले की, प्रवास अवघड असेल तर मी घरूनच पडद्यावरून बोलावे. सूचना सद्‌भावाची होती. महाकुंभाचे शेवटचे स्नान 26 फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्याच दिवशी होते. प्रयागहून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीत रेल्वेने महाराष्ट्र गाठणे किती कठीण, हे त्यांनाही माहीत होते. परंतु माझी अडचण प्रवासाची नव्हती. त्यांचे उद्‌घाटन अकराला होते, आणि कागद दहाला उघडायचे होते. नव्या साधनांनी अंतराची अडचण दूर होते, वेळेची होत नाही. चार माणसे निर्णयासाठी समोर बसली असताना मधेच उठून शेजारच्या खोलीत तासभर बोलून येणे म्हणजे दोन्ही ठिकाणी अर्धे असणे. मी तसे सांगितले. थोडे थांबून ते म्हणाले, “सर, घरगुती कामच ना ते? आमच्याकडे पाचशे विद्यार्थी असतील.”

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही, आणि माझ्या लेखाचा मुद्दाही हाच आहे. व्यासपीठ मोठे म्हणून आधीचा लहान शब्द मोडण्याची मुभा घेतली, तर कोणताच शब्द शब्द राहत नाही. उद्या त्याहून मोठे व्यासपीठ मिळाले की याच महाविद्यालयाला दिलेला होकारही मोडेल. आजारपण किंवा मृत्यू यांपुढे शब्द मोडावा लागतो. सभेतील खुर्च्यांच्या संख्येपुढे नाही.

याची दुसरी बाजूही आहे. तारखेची अडचण ही आपल्याकडे इतर कारणांचे पांघरूण झाली आहे. विषय आवडत नाही, मानधन अपुरे वाटते, व्यासपीठावरचा सहवक्ता नको आहे, अशा वेळीही आपण ‘त्या दिवशी नेमका दुसरा कार्यक्रम’ असे कळवतो. येथे जोतीराव फुले यांचे स्मरण उपयोगी पडते. 1885 साली पुण्यात भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना पाठविले. फुल्यांनी ते नाकारले, आणि जे लोक सर्वांना माणुसकीचे हक्क उघडपणे देत नाहीत त्यांच्या सभेशी आपले जुळणार नाही, हे कारण स्पष्ट लिहिले. ते पत्र ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्धही झाले. त्या दिवशी अन्य काम आहे असे लिहिणे त्यांना अशक्य नव्हते. तसे लिहिले असते, तर मराठी साहित्यव्यवहारातील एक महत्त्वाचा मतभेद आपल्याला कळलाच नसता. मतभेद असेल तेथे मतभेद सांगावा. तारखेचे कारण फक्त तारखेच्या अडचणीसाठी राखून ठेवावे, म्हणजे ते खरे असेल तेव्हा खरे मानले जाईल.

निमंत्रकांनाही एक विनंती करावीशी वाटते. गौरव दिनाला ध्वज, गीत, ग्रंथदिंडी अवश्य असावी. परंतु चर्चासत्र त्याच दिवशी असण्याचे कारण नाही. ते आठ दिवस मागेपुढे घेतले आणि वक्त्याला विचारून मग तारीख ठरवली, तर निम्मे नकार टळतील.

27 फेब्रुवारीला आम्ही दहापासून दिवेलागणीपर्यंत बसलो. सातांपैकी पाच रुमाल कसेबसे चाळून झाले. बहुतेक कागद धान्याच्या आणि दक्षिणेच्या हिशेबांचे, काही घरच्या पत्रांचे. एका पत्रात कोणा मुलीच्या आजारपणाची चौकशी होती; ते मी दोनदा वाचून दाखवले. कागद वाटायचे नाहीत, सगळे थोरल्यांकडे एकत्र ठेवायचे, असे चौघांनी ठरवले. गंगेत सोडण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी सुचवलेल्या दोघांपैकी एकांनी त्या महाविद्यालयात बीजभाषण केले आणि ते चांगले झाले, असे कळले. विभागप्रमुखांनी मला त्यानंतर बोलावलेले नाही. उरलेले दोन रुमाल वाचायला मात्र पुढच्या महाशिवरात्रीचे बोलावणे चौघांनी निघण्यापूर्वीच दिले. या वेळी थोरल्यांनी तिथीबरोबर तारीख आणि वारही लिहून दिला.