इंग्रजीत अडकलात? संध्याकाळी मेल करा, पण माफीचा नको

इंटरव्ह्यू मराठीत सुरू होतो, दहा मिनिटं मस्त जातात, आणि मग टेबलापलीकडचे दुसरे साहेब इंग्रजीत प्रश्न टाकतात. उत्तर माहीत असतं, पण तोंडातून निघत नाही. घरी येऊन बरेच जण मेल करतात, "सॉरी, माझं इंग्रजी कच्चं आहे, पण मी शिकेन." माझं स्पष्ट मत, हा मेल पाठवू नका. मीही दुकानात माणसं घेतो. असा मेल वाचून मला फक्त इंग्रजी कच्चं असल्याचं आठवतं, तुम्हाला काम येतं का ते कळतच नाही.

माझ्या बॅचमधल्या एका मुलीचं सांगतो. टाइल्सच्या डीलरकडे डिस्पॅचची जागा होती. इंग्रजीत प्रश्न आला, बिल ४० पेट्यांचं, गिऱ्हाईक म्हणतंय ३८ च आल्या, काय कराल? ती "आय विल चेक, सर" म्हणाली आणि गप्प झाली.

इंटरव्ह्यूची वेळ कळवणारा जो मेल आला होता, त्यालाच तिने त्या संध्याकाळी रिप्लाय केला. म्हणजे ही कोण, हे शोधायला नको. एक ओळ आभाराची. मग, पेट्यांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहिलं, ते पूर्ण करते. पुढे पाच छोटी इंग्रजी वाक्यं. आधी ट्रान्सपोर्टच्या एलआरवर गिऱ्हाइकाने माल कमी आल्याचा शेरा लिहिलाय का ते बघेन. मग गाडीत किती पेट्या चढल्या ते गोडाऊनच्या रजिस्टरमध्ये बघेन. ३८ च चढल्या असतील तर चूक आपली, दोन पेट्या पाठवू किंवा क्रेडिट नोट देऊ. ४० चढल्या असतील तर ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी कळवू. काहीही निघो, गिऱ्हाइकाला त्याच दिवशी फोन.

मेल इंग्रजीतच का? शंका तिथेच होती ना! मराठी तर त्यांनी ऐकलंच होतं. शिवाय डिस्पॅचचं अर्धं काम मेलवर चालतं, त्यामुळे हा मेल म्हणजे कामाचाच नमुना झाला. दिवसभर इंग्रजीत फोनवर बोलायची नोकरी असेल तर मात्र याचा फारसा उपयोग नाही.

एक गडबड होणार होती. पहिला मेल तिच्या चुलतभावाने लिहून दिला होता, भारी भारी शब्दांचा. मी तो मोठ्याने वाचायला लावला. जीभ जिथे अडली तो शब्द काढला, तिच्या तोंडी बसणारा घातला. चार दिवसांनी बोलावणं आलं. साहेबांनी मेल समोर ठेवून विचारलं, एलआरवर शेराच नसेल तर? तिने इंग्रजीतच सांगितलं, हळूहळू, पण न थांबता. आता पगाराचं बोलणं चालू आहे.